‘इकडे सगळं मस्त’ या मेसेजचं पत्र कसं करायचं

प्रश्न: आजी-आजोबा लांब राहतात, मी नोकरीमुळे दुसरीकडे. आई म्हणते मोबाईलवरचं त्यांना आता नीट वाचता येत नाही, कागदावर लिहून पाठव. मी जो मेसेज टाकणार होतो तो खाली देतोय, याचं पत्र कसं करू? फार साहित्यिक नकोय, पण त्यांना वाचून बरं वाटलं पाहिजे आणि वाचता पण आलं पाहिजे.

“हाय आजी आजोबा!! सॉरी बरेच दिवस काही कळवलं नाही, जाम बिझी होतो, नवीन जॉब, शिफ्टिंग वगैरे. इकडे सगळं मस्त. थंडी खूप आहे बाकी ओके. रूममेट पण भारी आहे. स्वेटर भेटला थँक्स. आजोबा डोळ्याचं ऑपरेशन कसं झालं? टेक केअर. बघू सुट्टी मिळाली की येतो. लव्ह यू मिस यू”

उत्तर:

तुझ्या मेसेजची भाषा हा प्रॉब्लेमच नाहीये, त्यामुळे आधी भाषा सुधारायला बसू नकोस. मी बरीच वर्षं संपादनाचं काम केलं आणि आता गेली नऊ वर्षं आठवड्यातून दोनदा वयस्कर मंडळींना त्यांची आलेली पत्रं वाचून दाखवायला जाते, कुणाला दिसत नाही, कुणाचा हात थरथरतो म्हणून कागद धरवत नाही, आणि त्यांची उत्तरं पण ते सांगतात तशी मीच उतरवून घेते. म्हणजे पत्र पोचल्यावर पुढे काय होतं ते मला दिसतं, जे पाठवणाऱ्याला कधीच दिसत नाही. वाचून झालं की “किती छान लिहिलंय” असं सहसा कुणी म्हणत नाही. पहिला प्रश्न येतो “म्हणजे कुठे?” किंवा “हा कोण?” किंवा “हे कधीचं लिहिलंय?” आणि मी काय सांगणार, पत्रात नसतंच ते.

तुझा मेसेज परत वाच. मस्त, ओके, भारी, जाम बिझी. हे सगळे प्रगतिपुस्तकातले शेरे झाले. मेसेजमध्ये शेरे चालतात कारण समोरचा लगेच उलटा प्रश्न विचारतो, “भारी म्हणजे?”, आणि तू सांगतोस. पत्रात ती सोय नाही. त्यांना प्रश्न पडला तर तो पाठवायला आठवडा आणि उत्तर यायला आठवडा. म्हणून पत्र करणं म्हणजे मला विचारशील तर एवढंच, की त्यांचे प्रश्न आपणच आधी विचारायचे आणि त्यांची उत्तरं लिहायची. गोड शब्द घालायची गरज त्यात कुठेच लागत नाही.

तर असं कर, एका कागदावर तुझ्या मेसेजमधलं एकेक वाक्य लिही आणि त्याच्याखाली आजी फोनवर जे विचारेल ते लिही. “जाम बिझी होतो”, यावर आजी म्हणेल कशात रे? “शिफ्टिंग”, यावर आजोबा म्हणतील का बदललीस खोली, आधीची काय वाईट होती? (शिवाय शिफ्टिंग म्हणजे घर बदलणं की रात्रपाळी हे पण त्यांना कळणार नाही, मी स्वतः असा गोंधळ झालेला बघितलाय, एक आजी महिनाभर समजत होत्या की नात रात्री कामाला जाते.) “थंडी खूप आहे”, मग घालतोस काय, पांघरूण आहे का? “रूममेट भारी आहे”, नाव काय, करतो काय? “स्वेटर भेटला”, बसला का? आणि “सुट्टी मिळाली की येतो”, कधी?

आता या सगळ्याची सारखीच उत्तरं दिलीस तर पत्र कंटाळवाणं होईल, एखादा फॉर्म भरल्यासारखं. त्यातल्या तीन गोष्टी मोठ्या करायच्या आणि बाकीच्या एकेका ओळीत संपवायच्या. कुठल्या तीन? माझा अनुभव असा की ज्या गोष्टीत ते स्वतः आहेत ती पहिली घ्यायची. तुझ्या मेसेजमध्ये अशी एक गोष्ट सरळ पडलेली आहे आणि तिला तू तीन शब्द दिलेस, स्वेटर. तो आजीने विणलाय असं मी धरून चालते. विकत घेऊन पाठवला असेल तरी हेच लागू. ती तिकडे बसून एकच विचार करतेय की बाह्या आखूड तर नाही झाल्या, आणि तिला तुझ्याकडून मिळालं काय तर “थँक्स”. पत्र इथून सुरू कर, सॉरीवरून नको. सॉरीवरून सुरू केलं की पहिला परिच्छेद तुझ्या अपराधाचा होतो आणि मग ते बिचारे वाचता वाचता तुलाच माफ करत बसतात. सॉरी मधे कुठेतरी एका वाक्यात येऊ दे, कारणासकट.

आणि हो, स्वेटर ‘मिळाला’ लिही, ‘भेटला’ नको. माणसं भेटतात, वस्तू मिळतात. तुमच्या पिढीत सर्रास भेटतं सगळं, मला त्याचं काही नाही, पण माझ्यासमोर एका आजोबांनी या एका शब्दापाशी पत्र थांबवून पाच मिनिटं मला व्याकरण सांगितलंय आणि नातवाने पुढे लिहिलेली मजेची गोष्ट त्या नादात राहूनच गेली.

दुसरी मोठी चूक लोक करतात ती या शेऱ्यांच्या अगदी उलटी. कागद समोर आला की अंगात शाळेतला निबंध शिरतो. “आपल्या आशीर्वादाने मी येथे कुशल आहे, आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा बाळगतो.” असं पत्र मी वाचून दाखवलं तेव्हा आजी म्हणाल्या, “हे त्याने कोणाकडून तरी लिहून घेतलंय.” आणि नंतर कळलं की खरंच घेतलं होतं. तुझा आवाज त्यांना पाठ आहे, त्यामुळे फोनवर जसं बोलतोस तसंच लिही, फक्त वाक्यं पूर्ण कर. फोनवर आजीला तू म्हणत असशील आणि आजोबांना तुम्ही, तर पत्रात पण तसंच ठेव. दोघांना मिळून बोलताना तुम्ही, आणि नुसत्या आजीशी बोलताना “आजी, तू”. आजीला एकदम ‘आपण’ म्हटलंस तर ती विचारेल तुला काय झालंय.

मायन्याचं पण एवढ्यात उरकते. तीर्थरूप की तीर्थस्वरूप यावर वाद घालणारे लोक अजून आहेत, जुन्या भेदाप्रमाणे तीर्थरूप आई-वडिलांसाठी आणि तीर्थस्वरूप इतर वडीलधाऱ्यांसाठी, पण तू नुसतं ‘ती.’ लिही, दोन्हीचं संक्षिप्त रूप तेच होतं, वाद मिटला. सा. न. वि. वि. येत असेल आणि लिहावंसं वाटत असेल तर लिही, नाहीतर सरळ ‘नमस्कार’. त्यावर पत्राची ऊब अवलंबून नसते.

लोनवर्ड्सचं लोक उगाच टेन्शन घेतात. ऑफिस, फोन, ऑपरेशन, हीटर, पार्सल हे त्यांचेच शब्द आहेत, तिथे ‘कार्यालय’ लिहिलंस तर उलट अंतर पडतं. माझी परीक्षा सोपी आहे, तो शब्द फोनवर तुला दोनदा सांगावा लागेल का? लागेल तर बदल. चिल, शिफ्टिंग, वीकेंड, टेक केअर हे बदल. ऑफिस राहू दे.

आता ती एक ओळ, जी मला तुझ्या मेसेजमध्ये सगळ्यात जास्त खुपली. “बघू सुट्टी मिळाली की येतो.” तू हे सहज लिहिलंस, निरोप घेताना काहीतरी म्हणायचं म्हणून. तिकडे हे असं वाचलं जात नाही. मी ज्यांच्याकडे जाते त्यातल्या एका आजींनी अशाच एका ओळीनंतर पाहुण्यांची गादी उन्हात टाकायला लावली होती आणि पुढे चार महिने कोणी आलं नाही. मोघम आशा देण्यापेक्षा जेवढं ठरलंय तेवढंच सांग, आणि ठरलं नसेल तर का ठरलं नाही आणि कधी कळेल ते सांग. वाईट बातमी त्यांना झेपते, अर्धवट नाही. हेच आजारपणाला पण लागू आहे. एका नातवाने लिहिलं होतं, “मधे जिन्यावरून थोडा पडलो होतो, बाकी ठीक.” बस, पुढे काही नाही. ती ओळ मी त्या दिवशी त्या आजींना सहा-सात वेळा वाचून दाखवली, थोडा म्हणजे किती, पाय की हात, त्या प्रत्येक वेळी ऐकून काहीतरी नवीन सापडतंय का ते बघत होत्या. एकतर पूर्ण सांग, की घोटा मुरगळला, दहा दिवस पट्टी होती, आता चालतो, किंवा अजिबात सांगू नकोस.

काळाचं पण बघ. मेसेजमधलं ‘आज’ आणि ‘काल’ दोन सेकंदांत पोचतं, पत्रातलं ‘काल’ पोचेपर्यंत शिळं होतं आणि ते पत्र तीन महिन्यांनी परत काढून वाचलं जातं तेव्हा तर काहीच अर्थ राहत नाही. वर तारीख सालासकट घाल, आणि आत वार किंवा महिना लिही. ‘पुढच्या महिन्यात’ न लिहिता महिन्याचं नाव.

आता हे बघ, मी तुझ्या मेसेजचं असं पत्र केलं. तुझे तपशील मला माहीत नाहीत, त्यामुळे जे नव्हतं ते मी मनाने भरलंय. तिथे तुझं खरं काय ते घाल, मी घातलेलं तसंच उतरवून काढू नकोस, आजी तिसऱ्या ओळीत पकडेल.

(तारीख, वार)

ती. आजी आणि आजोबांना नमस्कार,

आजी, तुझा स्वेटर मिळाला. मंगळवारी संध्याकाळी कामावरून आलो तर पार्सल दाराशी होतं. बूटसुद्धा काढले नाहीत, आधी ते फोडलं आणि उभ्या उभ्या घालून बघितला. अंगात अगदी नीट बसला. बाह्या बोटभर लांब आहेत, पण ते बरंच झालं, सकाळी बसची वाट बघताना हात आत ओढून घेता येतात. डाव्या बाहीच्या शेवटच्या चार ओळी जरा वेगळ्या निळ्या आहेत, लोकर संपली होती का गं? मला तीच बाही जास्त आवडते.

इथे थंडी चांगलीच आहे. सकाळी खिडकीची काच आतून ओली झालेली असते, पुसल्याशिवाय बाहेरचं काही दिसत नाही. पण खोलीत हीटर आहे, रात्री दोन पांघरुणं घेतो. सर्दी-खोकला काही नाही.

इतके दिवस लिहिलं नाही, रागावू नका. नवीन नोकरी लागली आणि त्याच आठवड्यात खोली पण बदलली. जुन्या खोलीपासून ऑफिसला जायला सव्वा तास लागायचा, आता वीस मिनिटांत पोचतो. आजोबा, तुम्ही दिलेलं किल्लीचं घड्याळ मी सामानात टाकलं नाही, हातात धरून आणलं. ते आता खिडकीत ठेवलंय आणि रोज चार मिनिटं पुढे जातं. मागे ती बारीक पट्टी आहे ना, ती कुठल्या बाजूला सरकवायची? मी अजून हात लावलेला नाही.

माझं काम म्हणजे कंपनीने ज्यांना माल पाठवला त्यांची बिलं बरोबर आहेत का ते तपासायचं. पहिले पंधरा दिवस काही कळत नव्हतं, घरी येऊन तसाच झोपायचो. आता जमतंय. मागच्या शुक्रवारी एका बिलातली चूक फक्त माझ्या लक्षात आली, साहेबांनी सगळ्यांसमोर सांगितलं.

खोलीत माझ्यासोबत (इथे नाव) असतो. तो माझ्याच ऑफिसात आहे, दुसऱ्या विभागात. रात्री त्याला फोनवर बोलायचं असलं तर उठून बाहेर जातो, माझी झोप मोडू नये म्हणून. स्वेटर बघून म्हणाला, कुठून घेतलास? मी म्हटलं, हा विकत मिळत नाही.

आजोबा, डोळ्याचं आता कसं आहे? औषधाचे थेंब अजून घालावे लागतात का? आणि आधी दिसत नव्हतं असं काय दिसायला लागलं ते आजीला सांगा, ती लिहील.

माझ्या सुट्टीचं अजून ठरलेलं नाही. नोकरीला सहा महिने पूर्ण झाल्याशिवाय मोठी सुट्टी मिळत नाही, ते जूनमध्ये होतील. मंजूर झाली की त्याच दिवशी फोन करीन.

तुमचा
(घरी हाक मारतात ते नाव)

शब्द तीनशेच्या जरा आत झाले, तुझ्या मेसेजच्या साधारण सहापट, पण कुठलाही परिच्छेद मोठा नाही आणि कुठलंही वाक्य एका श्वासाच्या पलीकडे जात नाही. हे श्वासाचं मी मुद्दाम बघते, कारण आजी-आजोबांना आलेलं पत्र बऱ्याचदा एक जण वाचतो आणि दुसरा ऐकतो. मी इथे तुला लिहितेय तशी लांबलचक वाक्यं तिकडे पाठवलीस तर वाचणारा मधेच अडकतो, मागे जातो, आणि ऐकणाऱ्याचा धागा सुटतो. लिहून झालं की दार लावून एकदा मोठ्याने वाच, जिथे तुझी जीभ अडखळेल तिथे वाक्य तोड.

‘लव्ह यू मिस यू’ मी काढलं हे तुझ्या लक्षात आलं असेल. त्याच्या जागी ती निळी बाही आहे आणि हातात धरून आणलेलं घड्याळ आहे. तुमच्या घरात हे शब्द बोलले जात असतील तर शेवटी लिही खुशाल, पण ज्या घरात कधी बोलले नाहीत तिथे ऐकणारे वाचून झाल्यावर अवघडून गप्प होतात, मी बघितलंय.

घड्याळाचा प्रश्न पण मुद्दाम घातलाय. “तब्येत कशी आहे” याला उत्तर एकच, “बरी आहे”, आणि ते उत्तर लिहायला कोणी कागद घेऊन बसत नाही. पट्टी कुठल्या बाजूला सरकवायची याला उत्तर द्यायला आजोबा लगेच बसतील, कदाचित चित्र काढून पाठवतील. ज्यातलं त्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं असं काहीतरी एक खरोखर विचार, आणि खरंच माहीत नसलेलं विचार. इंटरनेटवर बघून आधीच दुरुस्त केलेलं असलं तर तो प्रश्न नको.

आता वाचता येण्याचं, हा भाग लोक सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी बघतात. तू आजोबांच्या डोळ्याचं ऑपरेशन लिहिलंस, ते मोतीबिंदूचं असेल असं धरते. त्यात डोळ्यात बसवतात ती साधी लेन्स बहुतेकांना लांबचं दिसायला बसवलेली असते, जवळचं वाचायला चष्मा लागतोच, आणि तो नंबर डोळा स्थिरावल्यावर, साधारण महिना-दीड महिन्याने काढतात. म्हणजे ऑपरेशन नुकतं झालं असेल तर आजोबांना लांबची झाडं लख्ख दिसत असतील आणि तुझं पत्र मात्र नाही. तेवढे दिवस वाचणारी आजीच. तिलाही मोतीबिंदू असेल, अजून काढलेला नसेल, तर तिच्या डोळ्यातलं भिंग पिवळट झालेलं असतं, त्यातून फिकट आणि निळसर रंग नीट उठून दिसत नाहीत. म्हणून निळा बॉलपेन नको. काळ्या शाईचं जरा जाड टोकाचं जेलपेन घे. कागद चकचकीत नको, दिव्याची तिरीप त्यावरून डोळ्यात जाते. साधा, पांढरा किंवा किंचित पिवळसर, जाडसर. आणि एकाच बाजूला लिही, पातळ कागदावर मागची अक्षरं पुढे उमटतात आणि मग दोन ओळी एकमेकींत मिसळून दिसतात.

हाताने लिहायचं की टाईप करायचं? तुझं अक्षर सुटं आणि मोठं असेल तर हाताने, रेघी कागदावर एक ओळ सोडून एक. अक्षर किडामुंगी असेल तर प्रेमापोटी त्यांना शिक्षा देऊ नकोस, टाईप कर आणि शेवटच्या दोन ओळी व सही हाताने कर, सगळ्यांना तेच आवडतं असं मला दिसलंय. टाईप करताना अक्षर १८ पॉइंट ठेव. पण इथे एक फसगत आहे, पॉइंटचा आकडा सारखा असला तरी देवनागरी फॉन्ट्स एकसारखे मोठे दिसत नाहीत, कोकिला सारखा फॉन्ट त्याच आकड्याला बराच लहान उमटतो, त्यामुळे आकड्यावर जाऊ नको, एक पान छाप आणि हातभर लांब धरून बघ. ओळींमधलं अंतर दीडपट ठेव. आपल्या लिपीत मात्रा वर आणि उकार खाली, दोन ओळी जवळ आल्या की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो आणि अधू नजरेला ते एकच चिन्ह वाटतं. अनुस्वाराचं टिंब तर आधी गायब होतं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व या जोड्या फार दगा देतात, फॉन्ट निवडताना ही आठ अक्षरं शेजारी शेजारी टाईप करून बघ, तुला स्वतःला चष्मा काढून (किंवा डोळे थोडे मिटून) वेगळी ओळखता येत नसतील तर तो फॉन्ट सोड. ठळक अक्षराने सगळं पत्र छापायचा मोह होतो, त्याने अक्षरांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजतात आणि घ-ध अजूनच जवळ येतात, त्यामुळे साधंच ठेव पण मोठं ठेव. दोन्ही कडा सरळ करायचा ऑप्शन बंद कर, त्याने शब्दांमध्ये वेडीवाकडी अंतरं पडतात.

एवढं केलंस की पत्र दोन-तीन पानांचं होईल. वर कोपऱ्यात पानाचा नंबर मोठा घाल, कारण पानं हातातून पडतात आणि मग तिसरं आधी वाचलं जातं. तीन पानांच्या वर जाऊ नकोस. उरलेलं पुढच्या पत्रात घाल, नाहीतरी आजोबांचं घड्याळाचं उत्तर येईल तेव्हा लिहावं लागेलच.

आणि पाकिटावर दोघांची नावं घाल. सगळे फक्त आजोबांचंच घालतात. माझ्या ओळखीच्या एका आजींना नातीने पहिल्यांदा त्यांच्या नावाने पत्र पाठवलं तेव्हा पत्र मी वाचेपर्यंत त्यांनी पाकीटच हातात धरून ठेवलं होतं, आणि मी विचारलं की हे टाकून देऊ का, तर म्हणाल्या, “थांब, पोस्टमनने माझं नाव घेऊन हाक मारली आज.”